आतकरवाडीच्या चढणीवर जीएपी चुकला कुठे? एका धावपटूचं प्रकरण

(ही घटना खरी आहे. धावपटूचं नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

मेधाताई एक्केचाळीस वर्षांच्या. पुण्यात राहतात, सहा वर्षं रस्त्यावर धावतायत. हाफ मॅरेथॉन १ तास ५२ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला साधारण ५:१८ च्या पेसने. हार्ट रेटचा पट्टा छातीला बांधून, सपाट रस्त्यावर अर्धा तास जीव तोडून धावण्याची चाचणी घेतली तेव्हा त्यांचा थ्रेशोल्ड पेस, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल असा सर्वांत कडक वेग, ५:१० आणि त्या वेळचा हार्ट रेट १६८ निघाला. रस्त्यावरचं सगळं प्रशिक्षण याच दोन आकड्यांवर चालायचं आणि नीट चालायचं.

मग त्यांनी डिसेंबरातल्या एका २१ किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत नाव दिलं. सरावासाठी वाट निवडली ती सिंहगडाची: पायथ्याशी ५ किलोमीटर रस्ता, मग आतकरवाडीची पायवाट चढून गडाचा दरवाजा, त्याच वाटेने खाली, आणि परत ५ किलोमीटर रस्ता. त्यांच्या घड्याळात चढण २.६ किलोमीटर आणि ५७० मीटर उंचीची येते, म्हणजे सरासरी २२ टक्के चढ. सिंहगडला नेमाने जाणाऱ्यांना ही वाट सांगायला नको. सुरुवातीला मातीची, मग दगडांची, वर वर जाताना पायऱ्यांसारख्या खडकांची.

अडचण

डोंगरात पेस बघून काही कळत नाही, हे मेधाताईंना माहीत होतं. म्हणून त्यांनी घड्याळाच्या पडद्यावर ग्रेड अ‍ॅडजस्टेड पेस, म्हणजे जीएपी लावला. कल्पना सोपी आहे. चढावर तुम्ही जेवढी ताकद लावताय, तेवढीच सपाट रस्त्यावर लावली असती तर पेस किती आला असता, ते हा आकडा सांगतो. त्यांनी ठरवलं, हाफ मॅरेथॉनच्या पेसपेक्षा थोडा सैल, ५:३० चा जीएपी पूर्ण वाटभर धरायचा. रस्ता असो की चढण, आकडा तोच.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्या निघाल्या. रस्त्याचे ५ किलोमीटर ५:३० ने सहज झाले. चढणीचा पहिला किलोमीटर त्यांनी बरोबर १५ मिनिटांत काढला, जीएपी ५:३० च्या जवळच होता. पण हार्ट रेट तोवर १८२ झाला होता. दुसऱ्या किलोमीटरला १९ मिनिटं लागली. उरलेल्या ६०० मीटरला १५ मिनिटं, तीही दोनदा दगडावर बसून. एकूण चढण ४९ मिनिटं. उतरताना मांड्या थरथरत होत्या, त्यामुळे खाली यायला ३४ मिनिटं लागली. शेवटचे ५ किलोमीटर ७:१० च्या पेसने कसेबसे झाले. एरवी त्या आरामातसुद्धा ६:१५ ने धावतात.

संध्याकाळी त्यांनी प्रशिक्षकांना फाइल पाठवली आणि विचारलं, "सर, मी चढावर कमी पडते की घड्याळ चुकतंय?" प्रश्न नेमका होता. याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही, मोजावं लागतं.

आकडा येतो कुठून

पर्यायांकडे वळण्याआधी जीएपीचं गणित बघू. ते कळल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत.

अल्बर्टो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोंगरी शर्यतींत मुरलेल्या दहा धावपटूंना ट्रेडमिलवर ४५ टक्के उतारापासून ४५ टक्के चढापर्यंत चालवलं आणि धाववलं, आणि एक मीटर अंतरासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे किती ऊर्जा लागते ते मोजलं. त्यातून धावण्यासाठी हे सूत्र निघालं:

```
C = 155.4i^5 - 30.4i^4 - 43.3i^3 + 46.3i^2 + 19.5i + 3.6
```

इथे `i` म्हणजे चढ. २२ टक्के असेल तर 0.22. सपाटीवर `C` येतो ३.६ ज्यूल. २२ टक्क्यांवर येतो ९.६८. एकाला दुसऱ्याने भागलं की गुणक मिळतो, २.६९. चढावरचा पेस या गुणकाने भागला की जीएपी. ५:३० च्या सपाट पेसचं चढावर काय होतं ते असं:

| चढ | गुणक | ५:३० जीएपीसाठी लागणारा पेस |
|---|---|---|
| ५% | १.३० | ७:०९ |
| १०% | १.६६ | ९:०७ |
| १५% | २.०६ | ११:२० |
| २०% | २.५० | १३:४६ |
| २५% | २.९८ | १६:२३ |
| ३०% | ३.४९ | १९:१३ |

२२ टक्क्यांवर हा पेस १४:४८ येतो. आतकरवाडीच्या २.६ किलोमीटरला याने गुणलं तर साडेअडतीस मिनिटं. मेधाताईंची या वाटेवरची आजवरची सर्वोत्तम वेळ होती ४४ मिनिटं, तीही फक्त चढण, पूर्ण जोर लावून. म्हणजे १५ किलोमीटरच्या सरावात मध्येच त्या स्वतःच्या विक्रमापेक्षा साडेपाच मिनिटं लवकर वर पोचायला निघाल्या होत्या. निघण्याआधी हा एक गुणाकार केला असता तर ती सकाळ वेगळी गेली असती.

सगळी अ‍ॅप हेच सूत्र वापरत नाहीत. स्ट्राव्हाने २०१७ मध्ये आपलं सूत्र बदलून ते वापरकर्त्यांच्या हार्ट रेटच्या नोंदींवर बेतलं, आणि त्यात उतारावर मिळणारी सूट बरीच कमी झाली. त्यामुळे एकाच धावेचा जीएपी दोन ठिकाणी वेगळा दिसला तर बिचकू नये. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे: सूत्राला चढ कळतो, वाट कळत नाही. डांबर आहे, सुटे दगड आहेत, की गुडघाभर उंचीच्या पायऱ्या आहेत, याचा त्यात कुठेच हिशोब नाही.

समोर असलेले पर्याय

प्रशिक्षकांनी चार मार्ग मांडले.

पहिला, जीएपी ठेवायचा पण लक्ष्य सैल करायचं, ५:३० ऐवजी ६:३० म्हणा. हे सोपं होतं, पण ६:३० का, ६:०० किंवा ७:०० का नाही, याला आधार नव्हता. आणि वाटेचा प्रत्येक भाग वेगळा असताना एकच सैल आकडा कुठे फार हलका आणि कुठे फार जड ठरणार.

दुसरा, फक्त हार्ट रेटवर धावायचं. याच्या बाजूने बरंच काही होतं, कारण हृदयाला चढ आणि वाट दोन्ही कळतात. पण चढण सुरू झाल्यावर हार्ट रेट वर यायला दीड-दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांतच लोक जास्तीचा जोर लावून बसतात. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात तोच वेग पाच-सात ठोक्यांनी महाग पडतो.

तिसरा, उंची चढण्याचा वेग, म्हणजे तासाला किती मीटर उंची. तीव्र चढणीवर अंतरापेक्षा उंचीच महत्त्वाची असते, आणि बॅरोमीटर असलेलं घड्याळ उंची बऱ्यापैकी अचूक मोजतं. अडचण एवढीच, की १० टक्क्यांच्या चढावर आणि २५ टक्क्यांच्या चढावर तोच आकडा सारख्या कष्टाचा नसतो.

चौथा मार्ग, मेधाताईंचा स्वतःचा गुणक मोजायचा. सूत्र जिथे बरोबर ठरतं आणि जिथे ठरत नाही, ती सीमा आधी शोधायची.

चौथा निवडला. तिसरा आणि दुसरा त्यावर नियंत्रणासाठी ठेवले. आमच्या मते हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, कारण त्याने 'मी कमी पडते की घड्याळ चुकतंय' हा प्रश्न दोन भागांत फोडला: चढाचा परिणाम वेगळा आणि वाटेचा वेगळा.

काय मोजलं

पहिली चाचणी सिंहगडच्या घाटरस्त्यावर. तीन किलोमीटरचा डांबरी पट्टा, २०० मीटर चढ, म्हणजे ६.७ टक्के. मधल्या वारी पहाटे, गाड्या सुरू होण्याआधी. नियम एकच: छातीच्या पट्ट्यावर हार्ट रेट १६८ च्या आसपास स्थिर ठेवायचा, म्हणजे सपाटीवर ५:१० देणारा जोर. पहिलं अर्धा किलोमीटर मोजणीबाहेर ठेवलं, हार्ट रेट स्थिर होईपर्यंत. पेस आला ७:३०. या चढाचा गुणक १.४२, भागाकार केला तर जीएपी ५:१८. थ्रेशोल्डच्या ५:१० पेक्षा अडीच टक्के संथ, इतकंच. म्हणजे डांबरावर, मध्यम चढावर, सूत्र मेधाताईंना लागू पडत होतं. घड्याळ सरसकट खोटं बोलत नव्हतं.

दुसरी चाचणी जिममधल्या ट्रेडमिलवर, १५ टक्क्यांवर. बहुतेक ट्रेडमिल याहून वर जात नाहीत. इथे प्रश्न वेगळा होता: चालायचं की धावायचं? ताशी ५ किलोमीटरचा वेग कायम ठेवून आधी चार मिनिटं झपाझप चालणं, मग चार मिनिटं विश्रांती, मग त्याच वेगाने चार मिनिटं धावणं. शेवटच्या मिनिटातला हार्ट रेट: चालताना १५२, धावताना १६१. वेग तोच, चढ तोच, नऊ ठोक्यांचा फरक. मिनेट्टींच्या अभ्यासात चालण्याचं वेगळं सूत्र आहे, आणि तेही १५ टक्क्यांवर चालणं धावण्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी स्वस्त दाखवतं. मेधाताईंना हे पटायला वेळ लागला, कारण रस्त्यावर धावणाऱ्याला चालणं म्हणजे हार वाटते. चढण एवढी तीव्र झाली की वेग तसाही चालण्याएवढाच उरतो. मग पाय हवेत उचलण्याचा खर्च कशाला करायचा? एकदा आकडे समोर आल्यावर त्यांनी स्वतःच सीमा आखली: वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या खाली आला की चालायचं.

तिसरी चाचणी खुद्द आतकरवाडीच्या वाटेवर, तीही मधल्या वारी. रविवारी तिथे उतरणाऱ्यांना वाट देण्यातच मिनिटं जातात आणि मोजणी बिघडते. पुन्हा हार्ट रेट १६८, सुरुवातीला मातीवर थोडं धावून बाकी सगळं चालत. वेळ लागला ४६ मिनिटं. पेस १७:४२, उंची चढण्याचा वेग तासाला ७४३ मीटर. सूत्राच्या २.६९ ने भागलं तर जीएपी ६:३५. त्याच जोराचा सपाट पेस ५:१०, म्हणजे सूत्र आणि वास्तव यांत २७ टक्क्यांचा फरक.

डांबरावर अडीच टक्के आणि पायवाटेवर सत्तावीस. दोन्हीकडे हृदय तेवढंच राबत होतं. यातला काही भाग चढ तीव्र झाल्याचा असेल, मेधाताईंच्या पोटऱ्या २२ टक्क्यांना सरावलेल्या नव्हत्या त्याचाही असेल. पण मोठा वाटा वाटेचाच मानावा लागतो. दर पावलाला उंची वेगळी, म्हणून लय लागत नाही. सुट्या दगडावर पाऊल थोडं मागे सरकतं. मोठ्या पायरीवर एकाच पायावर पूर्ण शरीर उचलावं लागतं. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर यातलं काहीच नसतं, आणि सूत्र त्या पट्ट्यावर तयार झालं आहे.

मेधाताईंचा आतकरवाडीचा स्वतःचा गुणक निघाला १७:४२ भागिले ५:१०, म्हणजे साधारण ३.४२.

पडद्यावरचा आकडा का उड्या मारतो

याच चाचणीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. चढणीच्या मध्यावर, सारख्याच पावलांनी चालताना, घड्याळातला जीएपी काही सेकंदांत ६:५० वरून ५:३० वर गेला आणि परत खाली आला. मेधाताईंनी जोर वाढवलाच नव्हता.

हे असं होतं. घड्याळ चढ काढतं ते मागच्या थोड्या अंतरातल्या उंचीच्या फरकावरून. समजा ५० मीटर अंतरात उंचीची नोंद फक्त तीन मीटरने चुकली. चढ २० ऐवजी २६ टक्के दिसेल, गुणक २.५० वरून ३.०८ वर जाईल, आणि १७:०० चा पेस ६:४८ ऐवजी ५:३१ चा जीएपी दाखवेल. अंतराचीही तीच गत: झाडीतल्या वळणावळणाच्या वाटेवर जीपीएस वळणं कापतं, अंतर कमी भरतं, आणि चढ आहे त्याहून तीव्र दिसतो. घामाने किंवा जर्किनच्या बाहीने घड्याळाचं बॅरोमीटरचं छिद्र झाकलं गेलं तर उंचीही भरकटते. मेधाताईंनी पुढे पायथ्याशी दर वेळी उंची जुळवून घ्यायला आणि घड्याळ बाहीच्या वर बांधायला सुरुवात केली.

म्हणून चालू जीएपी चढणीवर बघण्यासारखा नसतो. संपूर्ण चढणीची उंची आणि वेळ घेऊन घरी काढलेला जीएपीच विश्वासाचा.

उतार: जिथे जीएपी पूर्ण निकामी

ऑक्टोबरच्या त्या धावेचा अ‍ॅपने दाखवलेला सरासरी जीएपी बघून मेधाताई खट्टू झाल्या होत्या. त्याचं मोठं कारण उतारात होतं. मिनेट्टींच्या सूत्रात २२ टक्के उताराचा गुणक ०.५२ येतो, धावणं तिथे सपाटीच्या निम्म्या ऊर्जेत होतं. त्या हिशोबाने ५:३० चा जीएपी उतारावर राखायचा तर आतकरवाडीची वाट २:५१ च्या पेसने उतरावी लागेल. त्या दगडांवर हे कुणी करू धजणार नाही.

उतारावर दम कमी पडत नाही. कमी पडतात मांड्या आणि नजर. दर पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला रोखून धरतो, आणि पुढचं पाऊल कुठे टेकायचं हे ठरवायला डोळ्यांना वेळ लागतो. ऊर्जेचं सूत्र हे मोजतच नाही. तेव्हा निर्णय झाला: उताराला जीएपी लावायचा नाही, आणि पूर्ण धावेच्या सरासरी जीएपीवरून काहीही ठरवायचं नाही. उतारासाठी फक्त वेळ नोंदवायची आणि दुसऱ्या दिवशी मांड्या किती दुखतात ते लिहून ठेवायचं.

नवी आखणी

आता चढणीचं लक्ष्य काढता येत होतं. १५ किलोमीटरचा हा सराव सव्वादोन तासांच्या पुढे जातो. एवढा वेळ मेधाताई सपाटीवर ५:५० चा जोर टिकवू शकतात, हे त्यांच्या जुन्या नोंदींवरून दिसत होतं. ५:५० म्हणजे ३५० सेकंद. त्याला ३.४२ ने गुणलं तर किलोमीटरला १९:५७; पूर्ण चढण ५२ मिनिटं; उंची चढण्याचा वेग तासाला ६५८ मीटर.

पण डोंगरात हे सगळं डोक्यात ठेवता येत नाही. म्हणून त्याचं एकच सोपं वाक्य केलं: दर १०० मीटर उंचीला ९ मिनिटं. पडद्यावर फक्त चढलेली उंची, वेळ आणि हार्ट रेट. उंचीचे शंभर पूर्ण झाले की वेळ बघायची. ८ मिनिटं दिसली तर हात आखडायचा, १० दिसली तर हार्ट रेट बघायचा. तो १६० च्या खाली असेल तर थोडा जोर वाढवायचा, वर असेल तर आज शरीर तयार नाही असं मानून पुढे जायचं. जीएपी पडद्यावरून काढून टाकला. या मोजणीत जीपीएसच्या अंतराचा संबंधच येत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

बरोबरीने आठवड्यातून एकदा चढणीवर झपाझप चालण्याचा सराव ठेवला: १५ टक्के ट्रेडमिलवर पाच मिनिटांच्या चार फेऱ्या, हात मांडीवर टेकून ढकलत. बाकी रस्त्यावरचा सराव होता तसाच, फक्त एक वेगाचा दिवस कमी केला.

निकाल

सात आठवड्यांनी, डिसेंबराच्या सुरुवातीला, तीच वाट पुन्हा. पहिल्या शंभर मीटर उंचीला साडेआठ मिनिटं लागली, तिथे मेधाताईंनी पावलं मुद्दाम आवरली. पुढचे तीन टप्पे नऊ मिनिटांच्या आसपास. चढण ५१ मिनिटांत झाली, हार्ट रेट एकदाही १६४ च्या वर गेला नाही. ऑक्टोबरपेक्षा चढायला दोन मिनिटं जास्त लागली.

त्या दोन मिनिटांची भरपाई कुठे झाली ते बघा. उतार ३४ ऐवजी २७ मिनिटांत. शेवटचे ५ किलोमीटर ७:१० ऐवजी ६:०५ च्या पेसने, म्हणजे तिथे जवळपास साडेपाच मिनिटं. सुरुवातीचे ५ किलोमीटर मात्र ५:३० ऐवजी ५:५० ने धावल्यामुळे एक मिनिट चाळीस सेकंद जास्त गेले. गोळाबेरीज केली तर एकूण वेळ जवळपास नऊ मिनिटांनी कमी.

हे सगळं श्रेय आखणीला देता येणार नाही. डिसेंबरची सकाळ ऑक्टोबरपेक्षा बरीच थंड होती, वाट कोरडी होती, आणि सात आठवड्यांत पोटऱ्याही तयार झाल्या होत्या. पण चढणीच्या शेवटी दगडावर बसावं लागलं नाही आणि मांड्या थरथरल्या नाहीत, याचा संबंध पहिल्या वीस मिनिटांतल्या संयमाशी सरळ लागतो.

प्रत्यक्ष शर्यतीत मात्र एक जागी आखणी अपुरी पडली. तिथे एका पठारावर १२ टक्क्यांची गवताळ चढण होती, दवाने भिजलेली, पाय घसरणारी. ती डांबरात मोडत नव्हती आणि आतकरवाडीतही नाही. मेधाताईंनी तिथे नऊ मिनिटांचा नियम तसाच लावला आणि हार्ट रेट १७० वर गेला. कारण साधं होतं: कमी चढावर तीच उंची गाठायला जास्त अंतर कापावं लागतं, आणि निसरड्या गवतावर ते अंतर महाग पडतं. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये त्यांना पुन्हा सावरावं लागलं.

काय वेगळं करता आलं असतं

घाटरस्त्याची चाचणी ऑक्टोबरच्या आधीच घ्यायला हवी होती. त्यासाठी काहीच खर्च नाही, एक सकाळ पुरते, आणि सूत्र आपल्याला कुठवर लागू पडतं हे लगेच कळतं. लक्ष्याचा आकडा आधी आणि मोजणी नंतर, हा क्रम उलटा झाला होता.

आतकरवाडीचा गुणक एकाच चाचणीवर ठरवला गेला. हार्ट रेट झोप, चहा-कॉफी, उष्णता यांनी रोज तीन ते पाच ठोक्यांनी हलतो, म्हणून आठवड्याच्या अंतराने दोन चाचण्या घेऊन सरासरी काढली असती तर ३.४२ वर जास्त विसंबता आलं असतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर हाच गुणक नक्कीच वाढेल; तो आकडा कोरड्या वाटेचा आहे हे कागदावर लिहून ठेवायला हवं.

नऊ मिनिटांचा नियम किती चढाच्या वर लावायचा, हेही ठरवलं नव्हतं. आता मेधाताईंच्या कागदावर तीन ओळी आहेत: दहा टक्क्यांपर्यंत डांबर किंवा घट्ट माती असेल तर सूत्राचा जीएपी, अठरा टक्क्यांच्या वर दगडी वाटेवर उंचीचा नियम, मधल्या पट्ट्यात आणि गवत-चिखलावर फक्त हार्ट रेट, तोही पहिली दोन मिनिटं मुद्दाम सावकाश जाऊन. या मधल्या पट्ट्याचा गुणक काढायला एखादी १२ ते १५ टक्क्यांची, निदान एक किलोमीटर लांबीची, एकसारखी मातीची चढण लागते. ती सापडली की चाचणी तीच घ्यायची: हार्ट रेट १६८, पहिली तीन मिनिटं मोजणीबाहेर, आणि आलेला पेस ५:१० ने भागायचा.